पेटीतलं जोडवं

२०२४चा दसरा होऊन चारच दिवस झाले होते. सकाळी नणंदेचा फोन आला. "वैनी, जरा येऊन जा बरं. पोट्टीचा लेहंगा काढला मी आज. काहीतरी भलतंच झालं त्याले."

वरुड तालुक्यातलं आमचं गाव आणि ताईंचं गाव यांच्यात सात किलोमीटरचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे. मी शिवणकाम करते, फॉल-पिको करते, आणि गेली सहा वर्षं आरी वर्कचं भरतकामही करते. त्यामुळे घरातल्या कुणाच्याही कपड्याला काही झालं की पहिला फोन मलाच येतो. मला वाटलं उंदरानं कुरतडला असेल, नाहीतर वाळवी लागली असेल. गाडीवर बसताना सुईदोऱ्याचा डबा सोबत घेतला.

ताईंनी लेहंगा सपरीत खाटेवर पसरून ठेवला होता. भाचीचं लग्न मे २०२२ मध्ये झालं. तो लेहंगा अमरावतीहून आणायला मीही सोबत होते. मरून साटनचा, सोळा कळ्यांचा, खाली वीतभर रुंद भरलेली किनार, वर टिकल्या, कटदाण्याचे मणी, मोती आणि सोनेरी धाग्याच्या वेली. दुकानातून घरी आल्यावर भाऊजींनी गंमत म्हणून तो वजनकाट्यावर ठेवला होता. घेर फुगवणाऱ्या आतल्या जाळीसकट, म्हणजे कॅनकॅनसकट, सहा किलो दोनशे ग्रॅम. "एवढ्यात तं एक कॅरेट संत्रा लवकर उचलला असता," असं काहीतरी ते म्हणाले होते. कॅरेटमध्ये वीस किलो बसतो, पण बापाच्या डोळ्यांना त्या दिवशी तसंच वाटलं असेल.

लग्नानंतर भाची पुण्याला गेली. तिथल्या दोन खोल्यांत लेहंग्याला जागा कुठली? तो माहेरीच राहिला, मागच्या खोलीतल्या आलमारीत, दुकानानं दिलेल्या चेनच्या कव्हरात, हँगरला लटकवून. अडीच वर्षं कुणी त्याला हात लावला नाही. आता धाकटीचं लग्न डिसेंबरात ठरलं आणि तिनं हट्ट धरला की स्वागत समारंभाला ताईचाच लेहंगा घालणार.

उंदीरही नव्हता आणि वाळवीही नव्हती. किनारीतली अर्धीअधिक फुलं काळी पडली होती. चहाचा डाग वाळल्यावर कडेला जसा तपकिरी दिसतो तसा काही फुलांचा रंग होता, काहींवर निळसर झाक होती आणि काही तव्यासारखी काळी. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतकं झाकून ठेवलं, ऊन नाई लागू देल्लं, कोणाले हात नाई लावू देल्ला. तरी काळं काहून पडलं वं?"

मी खाटेच्या काठावर बसले, चष्मा लावला आणि एकेक फूल बघत गेले. सगळं काळं पडलं नव्हतं. वेली तशाच पिवळ्याधमक होत्या, टिकल्याही चमकत होत्या. काळं पडलं होतं ते फक्त फुलांच्या पाकळ्यांतलं दबक्याचं काम. दबका म्हणजे धातूच्या तारेची केसाएवढी बारीक स्प्रिंग. तिचे कात्रीनं तुकडे करायचे आणि मण्यासारखे सुईत ओवून टाकायचे. ती पोकळ असते म्हणून दोरा तिच्या पोटातून जातो. एका काळ्या पाकळीवर मी सुईचं टोक हलकेच ओढलं. काळ्याखाली लालसर रेघ उमटली, तांबं. मग वेलीचा एक सुटलेला धागा उलट्या बाजूनं कापून घेतला आणि आगपेटीच्या काडीवर धरला. तो आकसला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. म्हणजे तो धातू नव्हताच, चमकवलेलं पॉलिस्टर होतं. टिकल्या तर प्लॅस्टिकच्याच.

आपण सगळ्यालाच सरसकट जर म्हणतो, पण तीन वेगवेगळ्या गोष्टी त्या एका नावाखाली येतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. दुसरी म्हणजे बाजारात जिला टेस्टेड म्हणतात ती. तिच्यात तार तांब्याची, वर चांदीचा पातळ थर आणि त्यावर सोनेरी रंग. तिसरी पॉलिस्टरची. तिसरी काळी पडत नाही कारण काळं पडायला तिच्यात उघडा धातू नसतो. आजकालच्या लेहंग्यांत बऱ्याचदा या तिन्हींपैकी दोन तरी एकाच फुलात शेजारी शेजारी बसलेल्या असतात, म्हणून एक पाकळी काळी आणि तिचाच देठ लखलखीत असं चित्र दिसतं. ते दिसलं की कपडा जुना झाला म्हणून सगळंच उतरलं असं समजायचं कारण नाही. काहीतरी धातूलाच लागलं आहे.

माझ्या आईचा शालू आहे, १९८७चा. त्याची जर चांदीची आहे. ती किंचित मंदावली, पण काळी नाही पडली. तो शालू मेला तो वेगळ्याच आजारानं, त्याचं पुढे सांगते.

दुसरी गोष्ट मला दिसली ती जास्त कामाची होती. काळेपणा कळीगणिक एकसारखा नव्हता. लेहंगा हँगरला लटकत होता तेव्हा त्याच्या घेराच्या चुण्या पडल्या होत्या. चुणीच्या बाहेरच्या अंगाची फुलं काळी होती आणि आत दडलेली जवळपास नव्यासारखी. दिवाळीत भिंतीला रंग देताना फोटो काढला की मागची जागा कशी वेगळी दिसते, अगदी तसं. म्हणजे जे काही लागलं ते कपड्यातून आलं नव्हतं. घामानं, अत्तरानं झालं असतं तर कमरेशी, बगलेशी झालं असतं. हे हवेतून आलं होतं, कव्हरातून आत शिरून समोर जे आलं त्याला लागलं होतं. ते कव्हर प्लॅस्टिकचं नव्हतंच. न विणलेल्या कापडाच्या पिशव्या मिळतात ना, त्या जातीचं होतं. त्यातून हवा आरपार जाते. ताईंच्या मनात झाकलेलं होतं, पण हवेच्या दृष्टीनं ते उघडंच होतं.

मी म्हटलं, "ताई, आलमारी कुठं आहे ती दाखवा."

मागची खोली म्हणजे आपल्याकडे सगळ्याची खोली. एका कोपऱ्यात कांद्याचा ढीग, दोरीवर गोणपाट, फवारणीचा पंप, बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद, चुन्याची पिशवी. आणि आलमारीला खेटून, जमिनीवर, गंधकाची अर्धी थैली. संत्र्यावरच्या कोळी किडीसाठी फवारतात ते, ८० टक्क्यांचं, पाण्यात मिसळणारं. तोंड दुमडून वर वीट ठेवलेली. आलमारीचं दार नीट लागत नव्हतं, खालून दोन बोटं फट होती. मी थैलीजवळ वाकले तेव्हा आगपेटीची काडी विझवल्यावर येतो तसा वास नाकात गेला.

चांदी आणि तांबं दोन्हींना गंधकाचं वेड असतं. हवेत अगदी थोडं असलं तरी ते त्याला ओढून घेतात आणि वर काळा थर चढतो. चांदीचे पैंजण काळे पडतात ते यानंच. थर पातळ असतो तोवर पिवळसर दिसतो, मग तपकिरी, मग निळसर, मग काळा. दमट हवेत हे भराभर होतं. ताईंच्या खोलीनं अडीच वर्षांत तीन पावसाळे पाहिले होते.

भाऊजींना काही हे पटेना. "गंधक काय उडून जाते का? थैलीत हाय तसंच हाय." आणि खरंच, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. म्हणून मी एक प्रयोग केला. त्याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. माझ्या जुन्या चांदीच्या जोडव्यांचा एक जोड घेतला, रांगोळीनं घासून, धुऊन, पुसून लख्ख केला. एक जोडवं ताईंच्या मागच्या खोलीत आलमारीच्या आत, बशीत ठेवलं. दुसरं त्याच घराच्या मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या फडताळात. दोन्हींना हात लावायचा नाही असं पोरांना बजावलं. पंचवीस दिवसांनी दोन्ही जोडवी शेजारी ठेवली. मधल्या खोलीतलं पांढरंच होतं. आलमारीतलं हळदीचा हात लागावा तसं पिवळं, आणि आतल्या वळणाला तपकिरी. भाऊजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी गंधकाची थैली आणि मोरचूद बाहेर गोठ्याशेजारच्या कोठ्यात गेलं होतं.

आता काळं झालेलं पांढरं करायचं कसं? ताईंनी मी येण्याआधीच एका फुलाला चिंच लावून पाहिली होती. तांब्याचा गुंड चिंचेनं लखलखतो ना, तेच डोकं चाललं. ते फूल उजळलं खरं, पण उजळलं ते तांब्यासारखं लाल. वरचा सोनेरी रंग आणि चांदीचा थर दोन्ही निघून गेले. भोवतीच्या साटनवर चिंचेच्या पाण्याचा डाग पडला तो वेगळाच, आणि आठवडाभरात त्या फुलाच्या कडेला हिरवट कीट दिसू लागलं, कारण आंबट पाणी दबक्याच्या पोटात, दोऱ्यात शिरून बसलं होतं. भांडं धुता येतं, दोरा आतून धुता येत नाही. लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, सोड्याचं पाणी हे सगळे उपाय याच एका ठिकाणी हरतात. काळ्या पडलेल्या टेस्टेड दबक्याला उलटा रस्ता नाही. मी समोरच्या चार कळ्यांवरची अकरा फुलं उसवली आणि नवीन दबका ओवून भरली. मागची तशीच ठेवली. मरूनवर ती काळपट फुलं वाईट दिसत नव्हती, उगाच कशाला छेडायचं.

काळेपणाच्या नादात दुसरं दुखणं आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. धाकटीनं लेहंगा नेसून पाहिला आणि चालायला लागली तर किनार पायात येऊ लागली. ताई म्हणाल्या, ही बहिणीपेक्षा बुटकी आहे. तशी ती थोडी आहेही. पण मी खाली बसून पाहिलं तर किनार सरळ नव्हती, लाटेसारखी होती. प्रत्येक दोन कळ्यांच्या शिवणीशी खाली उतरलेली आणि कळीच्या मधोमध वर.

लेहंगा जमिनीवर पालथा घालून टेप लावला. मूळ लांबी बेचाळीस इंच. कळीच्या मध्यावर बेचाळीस आणि थोडीशी. शिवणीवर साडेत्रेचाळीस. दीड इंच! आणि आतलं अस्तर, जे वरच्या कापडापेक्षा इंचभर आखूड असतं, ते आता शिवणीपाशी अडीच इंच आखूड दिसत होतं. ही खूण घरी कुणालाही पाहता येते. अस्तर हलकं, त्याच्यावर भरतकाम नाही, म्हणून ते ताणलं जात नाही. ते आणि वरचं कापड यांच्यातलं अंतर वाढलं असेल तर वरचं कापड उतरलं आहे.

शिवणीशीच का उतरलं, ते कळी कशी कापतात यात आहे. कळी वर अरुंद, खाली रुंद. तिच्या मधोमध कापडाचा उभा धागा सरळ खाली येतो आणि तो सहसा ताणत नाही. पण दोन्ही कडा तिरप्या कापलेल्या असतात. तिरपं कापड रबरासारखं, ओढलं की लांबतं. पिकोला आलेल्या ओढणीचा कोपरा बोटात धरून ओढून पाहा, लगेच कळेल. आता या तिरप्या कडेला खाली भरलेली किनार लटकते आहे, सगळं वजन त्या वीतभर पट्टीत आहे, आणि वर हँगरच्या दोन चिमट्यांनी बेल्ट दोनच जागी धरलेला. असं एक दिवस नाही, नऊशे दिवस. अंगावर असताना लेहंगा कमरेभोवती सगळीकडून धरलेला असतो, तेही चार-पाच तास. आलमारीत त्याला सुटका नव्हती. चिमट्यांच्या जागी साटन चुरगळून त्याचे धागे सरकले होते ते वेगळंच.

ज्यांच्यावर जाळीचा थर असतो त्या लेहंग्यांचं याहून वाईट होतं. मण्याभोवतीचं जाळीचं घर आधी लांबट होतं आणि मग एक दिवस फाटतं. साटन निदान थोडं परत येतं. मी लेहंगा पंधरा दिवस मधल्या खोलीत सतरंजीवर चादर टाकून आडवा पसरून ठेवला. पुन्हा मोजला तेव्हा दीड इंचातला पाऊण इंच परत आला होता. उरलेला पाऊण काही येईना. खालून कापायचा प्रश्नच नव्हता, किनार भरलेली. अशा वेळी वरून उचलावं लागतं. बेल्ट उसवला, प्रत्येक शिवणीवर जितकं उतरलं तितकं खडूनं खुणावलं, कळ्या तेवढ्या वर ओढल्या, जास्तीचं कापड कापून बेल्ट पुन्हा बसवला. दोन दिवसांचं काम. किनार सरळ झाली, पण वरून कापलेलं कापड काही परत चिकटत नाही. हा उपाय एका लेहंग्याला फार तर एकदा, दोनदा करता येतो.

ब्लाउजची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती मला सांगवत नाही. तो वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवला होता. मे महिन्यातल्या लग्नाचा घाम पुसलेला नाही, वाळवलेला नाही. बगलेतल्या तांब्याच्या तारेवर हिरवं कीट चढलं होतं. गोळ्या ज्या बाजूला होत्या तिथल्या टिकल्या धुरकट आणि चिकट झाल्या होत्या, कारण डांबरगोळीची वाफ काही जातींच्या प्लॅस्टिकला मऊ करते आणि बंद पिशवीत ती वाफ जाणार कुठं. आतल्या फोमच्या कपांचा पिवळा भुगा व्हायला लागला होता. तो ब्लाउज आम्ही वाचवला नाही. बाह्यांवरचे काचेचे मणी तेवढे काढून घेतले. काचेला काही होत नाही.

डिसेंबरात लग्न झालं, धाकटी मिरवली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, मांडव निघायच्या आधी, मी ताईंना म्हटलं, हा लेहंगा आता मी ठेवून देते, माझ्या पद्धतीनं.

ताईंकडे त्यांच्या आंदणातली गाद्या ठेवायची लोखंडी पेटी होती, चार फूट लांब. मला तीच हवी होती. लेहंगा साडेतीन फुटांचा, म्हणजे तो त्यात लांबीला मोडावा लागत नाही, एकही आडवी घडी पडत नाही. ही आडवी घडीच आईच्या शालूचा आजार होती. तो कपाटात दरवर्षी त्याच घडीवर बसायचा, वर इतर साड्यांचं वजन. चपटी चांदीची तार त्याच एका रेषेवर पुन्हा पुन्हा वाकत राहिली, तुटली, आणि तिच्या कडेनं आतलं रेशीम कापलं. आज तो उचलला की घडीघडीवर पट्ट्या होऊन हातात येतो. जर चांगली होती, ठेवणीनं खाल्ला.

पेटी आतून पाहिली, एका कोपऱ्यात गंज होता. तो काचपेपरनं काढला. ताई म्हणाल्या आतून रंग मारून घेऊ, मी नको म्हटलं. ताज्या ऑइल पेंटचा वास महिनोन् महिने जात नाही आणि तो वासही कपड्याला लागतोच. नुसतं पुसून, दोन दिवस उघडी वाळवून, आत जुनी सुती चादर दुहेरी अंथरली. पेटी मधल्या खोलीत आतल्या भिंतीशी, चार विटांवर. माळ्यावर नाही. आमच्याकडे मे महिन्यात टिनाखाली माळ्यावर हात टाकवत नाही, तिथं चिकटवलेले खडे सुटतात आणि टिकल्या वाकड्या होतात.

अमरावतीहून आठ मीटर पांढरी मलमल आणली. ती दोनदा धुतली, तिची खळ पूर्ण जाईपर्यंत, कारण खळीला कसर लागते. नीळ नाही घातली, स्टार्च नाही, वासाचं द्रव तर नाहीच. काही जुनी धोतरं होती सासऱ्यांची, त्यांच्या मनगटाएवढ्या जाड सुरळ्या करून दोऱ्यानं टाके घातले. रबरबँड कुठेही नाही. रबरात गंधक असतं. ताईंनी विचारलं, घरचाच कापूस आहे, तो का नाही भरत? सरकी काढलेल्या कापसातही पाल्याचे तुकडे, कचरा राहतो आणि किडा त्याच्याबरोबर येतो. कापसाच्या मुलखात राहून मी धोतर वापरलं.

लेहंगा आधी एक दिवस सावलीत खाटेवर पंख्याखाली पसरून घामाची ओल जाऊ दिली. कॅनकॅन सोडवून वेगळा केला. मग हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या, मीही आणि ताईंनीही. एक बांगडी एका टिकलीत अडकली तर वेलीचा अख्खा टाका उसवतो. हात साबणानं धुऊन कोरडे केले. लेहंगा चादरीवर पसरला, आत मलमल घालून दोन्ही पदर एकमेकांपासून वेगळे केले, आणि घेर लांबीच्या दिशेनं पंख्यासारखा आत घेत गेले. प्रत्येक वळणाच्या पोटात एक धोतराची सुरळी, म्हणजे तिथं घडी न पडता नुसतं गोल वळण राहावं. दोन थरांच्या मध्ये पुन्हा मलमल, नाहीतर कटदाणे शेजारच्या टिकल्यांना घासतात. शेवटी चादरीची चार टोकं दोघींनी धरली आणि झोळीतून लेकरू उचलावं तसा तो उचलून पेटीत ठेवला. बेल्टला धरून नाही उचलायचा, सगळं वजन परत त्याच शिवणींवर येतं. वर मलमल, आणि तिच्यावर काहीही नाही. अर्धी पेटी रिकामी राहिली हे ताईंना फार लागलं. "वरतं दोन गोधड्या तं बसतेत ना?" बसतात, पण खालच्या टिकल्या त्यांचं वजन सोसत नाहीत.

कोपऱ्यात, कापडाला न लागता, बशीत ते जोडवं ठेवलं, पुन्हा घासून लख्ख केलेलं. पेटीतली हवा कशी आहे ते तेच आपल्याला आधी सांगणार. लेहंग्यावर पिवळी छटा आपल्या डोळ्यांना कळायच्या आत चांदीच्या साध्या कड्यावर ती कळते.

वर्षातून दोनदा पेटी उघडायची असं ठरलं. एकदा होळीनंतर आणि एकदा दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण उघडल्यावर. पावसाळ्यात नाही, कितीही जीव खालीवर झाला तरी, कारण तेव्हा उघडलं की ओल आत घेऊन झाकण लावल्यासारखं होतं. उघडल्यावर सावलीत दोन-तीन तास पसरायचा, बेल्टपासून अस्तरापर्यंत एकदा बघायचा, आणि परत घालताना सुरळ्या वीतभर सरकवायच्या म्हणजे वळण दरवेळी नव्या जागी येतं. २०२५च्या होळीनंतर उघडली तेव्हा जोडवं पांढरं होतं. ताईंनी ते मला फोनवर फोटो काढून पाठवलं होतं.

यंदा दिवाळीनंतर मी स्वतः गेले. पेटी उघडली, लेहंगा खाटेवर आला. टेप लावला, शिवणीशी आणि मध्यावर एकच माप. नवीन भरलेली फुलं सोनेरी होती. मग मी बशी उचलली. जोडवं एका बाजूला, झाकणाकडच्या अंगाला, फिकट पिवळं झालं होतं.

ताई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी खोलीभर नाक घेऊन फिरले. गंधक नाही, कांदे नाहीत. मग पेटीच्या मागे, भिंत आणि पेटी यांच्यातल्या फटीत हात घातला आणि काळं, मऊ, जड असं काहीतरी लागलं. भाऊजींचे फवारणीचे रबरी गमबूट, एकावर एक घालून ठेवलेले.

"मीच ठिवले जी ते," ताई म्हणाल्या. "मले वाटलं, पेटीमांगं कोणाले दिसत नाई." आणि गमबूट दोन बोटांत धरून, हात लांब करून, त्या अंगणाकडे निघाल्या. मी बशीतलं जोडवं घेतलं आणि रांगोळीचा डबा कुठं आहे ते शोधू लागले.